त्वचेच्या बायोप्सीसाठी रजेचा अर्ज: एक दिवस मागू नका, तीन तारखा मागा

मनुष्यबळ विभागात रजेचे अर्ज वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्वचेच्या बायोप्सीसाठी आलेले अर्ज बहुतेक एकाच जागी चुकलेले असतात. माणूस एक दिवसाची रजा मागतो. मग दहा दिवसांनी टाके काढायचे म्हणून पुन्हा येतो, त्यानंतर रिपोर्ट दाखवायचा म्हणून पुन्हा. तिसऱ्या वेळी मॅनेजरचा चेहरा बदलतो. खरं तर काम एकच असतं. त्याला तीन भेटी लागतात हे पहिल्याच अर्जात सांगायचं राहून गेलेलं असतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू. पुण्यातल्या एका खासगी कंपनीत लेखा विभागात काम करणारी एक कर्मचारी आहे. पाच दिवसांचा आठवडा. पोटरीवर बरेच महिने न जाणारा काळसर, खाजणारा चट्टा आहे आणि त्वचारोगतज्ज्ञांनी पंच बायोप्सी सांगितली आहे. महिना जुलै २०२६.

## टप्पा १: अर्जाआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा

'बायोप्सी करून घ्या' एवढं ऐकून लोक दवाखान्याबाहेर पडतात आणि रिक्षातच मॅनेजरला मेसेज करतात. इतकी घाई नको. आधी पुढच्या चार गोष्टी विचारा.

पहिला प्रश्न: बायोप्सी कोणत्या प्रकारची आणि कुठल्या जागी? पंच बायोप्सीत सुमारे ३ ते ४ मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्यानं त्वचेचा छोटा तुकडा घेतात. जागा इंजेक्शननं बधिर करतात आणि शेवटी एखाद-दुसरा टाका घालतात. शेव्ह प्रकारात वरचा थर पात्यानं तासून घेतात, त्याला सहसा टाका लागत नाही, म्हणजे टाके काढायची भेटही वाचते. पूर्ण गाठ काढायची असेल तर जखम मोठी होते आणि विश्रांतीही जास्त लागते. तिन्हींना लोक 'बायोप्सी'च म्हणतात, रजा मात्र वेगवेगळी लागते.

दुसरा प्रश्न: टाके कधी काढणार? ते जागेवर ठरतं. चेहऱ्यावरचे साधारण ५ ते ७ दिवसांत निघतात, हातावरचे किंवा छाती-पोटावरचे ७ ते १० दिवसांत. पायाची जखम सावकाश भरते, त्यामुळे तिथले टाके १० ते १४ दिवस ठेवतात. 'मैत्रिणीचे आठवड्यात निघाले' म्हणून अर्जात आठवड्यानंतरची तारीख टाकू नका. मैत्रिणीची बायोप्सी गालावर झाली असेल.

तिसरा प्रश्न: रिपोर्ट किती दिवसांत, आणि नमुना प्रयोगशाळेत कोण पोचवणार? साधा रिपोर्ट आठवडा ते दहा दिवसांत मिळतो. खास रंग देऊन पुन्हा पाहायची गरज पडली तर आणखी काही दिवस जातात. नमुना पोचवण्याचं मात्र कुणी विचारत नाही. अनेक छोट्या दवाखान्यांत फॉर्मालिनची बाटली रुग्णाच्याच हातात देतात आणि 'अमुक लॅबला नेऊन द्या' म्हणतात. प्रक्रिया पंधरा-वीस मिनिटांची असली, तरी थांबणं, बिल आणि लॅबची फेरी धरली की सकाळ संपते. 'अकराला करून बाराला ऑफिस गाठते' हा हिशोब इथंच फसतो.

चौथा प्रश्न: दुसऱ्या दिवशी काय करू नये? पट्टी एक-दोन दिवस कोरडी ठेवायला सांगतात. पायाला टाका असेल तर फार चालणं, जिने आणि दुचाकी टाळायला सांगू शकतात. टेबलावरचं काम असलेल्याला हातावरच्या बायोप्सीनंतर दुसऱ्या दिवशी कामावर जाता येईल. पण दोन बस बदलून, उभ्यानं प्रवास करून ऑफिस गाठणाऱ्याच्या पोटरीला टाका असेल, तर एक दिवस विश्रांती वाजवी आहे. डॉक्टरांना प्रवास कसा होतो ते सांगा, म्हणजे त्यांचा सल्ला तुमच्या दिवसाला लागू पडेल.

सावधान: रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना सांगा. रजेच्या तारखेशी जुळवायला स्वतःच्या मनानं बंद करू नका. आणि जागा बधिर करून होणाऱ्या बायोप्सीला सहसा उपाशी राहावं लागत नाही, हेही आधी विचारून घ्या. उगाच उपाशी येऊन टेबलावरच चक्कर येणारे कमी नाहीत, आणि मग अर्ध्या दिवसाचा पूर्ण दिवस होतो.

## टप्पा २: तारीख कामाच्या कॅलेंडरवर ठेवून बघा

संशय गंभीर असेल आणि डॉक्टर 'याच आठवड्यात' म्हणाले असतील, तर हा टप्पा सोडा. ते देतील ती तारीख घ्या. पण पुष्कळदा बायोप्सी चार-सहा दिवस इकडेतिकडे झाली तरी चालते, आणि डॉक्टर स्वतःच दोन-तीन तारखा पुढे करतात.

आपल्या उदाहरणात शुक्रवार, १० जुलै आणि सोमवार, १३ जुलै अशा दोन तारखा मिळाल्या. शुक्रवार बरा वाटतो, कारण पुढे शनिवार-रविवार आराम. पण लेखा विभागात ११ तारीख ही जीएसटीआर-१ हे विक्रीचं मासिक विवरणपत्र भरायची शेवटची, आणि यंदा ११ जुलै शनिवारी आहे. म्हणजे खरं काम १० तारखेलाच संपवायचं. शिवाय शुक्रवारी बायोप्सी झाली आणि सोमवारीही रजा लागली, तर काही कंपन्यांत मधला शनिवार-रविवार रजेतच धरतात. त्याला सँडविच रजा म्हणतात. दोन दिवसांची रजा मागितली आणि खात्यातून चार गेल्या, अशी तक्रार घेऊन येणारे लोक मी पाहिलेत. नियमावलीत ते आधीच लिहिलेलं असतं.

म्हणून सोमवार, १३ घेतला. जीएसटीआर-१ झालेलं, जीएसटीआर-३बी या पुढच्या विवरणपत्राची शेवटची तारीख २०, म्हणजे परत आल्यावर हातात तीन पूर्ण दिवस आणि वर सोमवार. पायाचे टाके चौदाव्या दिवशी, सोमवार, २७ जुलैला. तोवर साधा रिपोर्ट यायला हवा. तेव्हा डॉक्टरांना विचारून टाके काढणं आणि रिपोर्ट दाखवणं एकाच भेटीत बसवलं आणि तिसरी फेरी वाचली. ही विनंती आपण केली नाही तर बहुतेक वेळा कुणी सुचवत नाही.

तपासा: डॉक्टर संध्याकाळी बसतात का? खासगी दवाखान्यात टाके काढायला दहा मिनिटं पुरतात. संध्याकाळी सातची वेळ मिळाली तर रजा लागणारच नाही, फार तर तासभर लवकर निघायची परवानगी लागेल. सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयाची ओपीडी मात्र सकाळची असते आणि केसपेपरच्या रांगेतच बराच वेळ जातो. तिथं अर्धा दिवस धरा. आपल्या उदाहरणात ओपीडी सकाळची आहे.

## टप्पा ३: रजेचा प्रकार ठरवा

अर्जात नुसतं 'रजा' लिहिलं तर नोंद करणारा त्याला सोयीचा प्रकार टाकतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे. ती तिमाहीप्रमाणे खात्यात जमा होते आणि वर्षअखेर उरलेली बुडते. आजारपणाची रजा मिळते ती बहुतेक कंपनीच्या स्वतःच्या धोरणानुसार, म्हणून नियमावली उघडा आणि तीन गोष्टी बघा: आजारपणाची रजा किती शिल्लक आहे, किती दिवसांपुढे प्रमाणपत्र लागतं, आणि नैमित्तिक रजा दुसऱ्या प्रकाराला जोडून चालते का. अनेक ठिकाणी चालत नाही. मग १३ ला नैमित्तिक आणि १४ ला आजारपणाची असा अर्ज परत येतो.

बायोप्सीला आजारपणाची रजा योग्य. 'मी आजारी कुठे आहे, तपासणीच तर आहे' म्हणून काही जण संकोचानं अर्जित रजा खर्च करतात. त्वचेला टाका घालणारी प्रक्रिया आहे, डॉक्टरांनी लिहून दिली आहे, एवढं पुरेसं आहे.

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा लागू असलेल्यांनी प्रमाणपत्र ईएसआयच्याच दवाखान्यातून घ्यायचं. तिथल्या आजारपण भत्त्यात सहसा पहिले दोन दिवस धरत नाहीत. त्यामुळे अशा छोट्या रजेला भत्त्याच्या भरवशावर राहू नका, कंपनीची रजा काय मिळते ते पाहा.

## टप्पा ४: किती सांगायचं ते लिहायला बसण्याआधी ठरवा

सगळ्यात महागात पडणारी चूक या टप्प्यावर होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

बायोप्सीसाठी डॉक्टर प्रयोगशाळेच्या नावे एक मागणीपत्र देतात. त्यावर तुमचं नाव, जागा आणि शंका असलेल्या आजारांची यादी असते, बहुतेक प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. ते निदान नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्या डॉक्टरांनी काय काय वगळावं त्याची ती सूचना असते. त्या यादीत कुष्ठरोग असू शकतो, त्वचेचा कर्करोग असू शकतो, आणि रिपोर्टमध्ये साधा लायकेन प्लॅनस किंवा जुना एक्झिमा निघू शकतो. पण पुरावा म्हणून हा कागद मोबाइलवर फोटो काढून विभागाच्या ग्रुपवर टाकला, की प्रश्नचिन्ह कुणी वाचत नाही. आजाराचं नाव तेवढं वाचतात. एकदा असं झालेलं मी पाहिलं आहे. रिपोर्ट साधा आला, तरी दोन महिने त्या माणसाच्या शेजारी बसून कुणी डबा खाल्ला नाही.

म्हणून मागणीपत्र ऑफिसला द्यायचंच नाही. त्याऐवजी डॉक्टरांकडून वेगळं प्रमाणपत्र घ्या. 'अमुक तारखेला त्वचेची छोटी शस्त्रक्रिया केली, अमुक तारखेपर्यंत विश्रांतीचा सल्ला' एवढं त्यात असलं की रजेचं काम होतं. त्यावर तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का ते तिथंच बघा. नोंदणी क्रमांक नसलेलं प्रमाणपत्र परत येतं आणि पुन्हा दवाखान्याची फेरी होते.

अर्जात 'बायोप्सी' हा शब्द लिहायचा की नाही? दोन्ही चालतं. हा शब्द ऐकला की लोकांच्या मनात थेट कर्करोग येतो. मॅनेजर समजूतदार असेल आणि पुढच्या भेटींसाठी त्याचं सहकार्य हवं असेल, तर 'त्वचेची बायोप्सी' लिहावं असं माझं मत आहे. पुढे काही निघालंच तर नव्यानं सगळं सांगावं लागत नाही. अर्ज अनेकांच्या हातून जाणार असेल तर 'त्वचेची छोटी वैद्यकीय प्रक्रिया' लिहा. पण 'पायाला लागलं' किंवा 'गावी कार्यक्रम आहे' असं खोटं लिहू नका, प्रमाणपत्रावरून ते त्याच आठवड्यात उघडं पडतं. 'ऑपरेशन' हा शब्दही टाळा. लोक फळं घेऊन घरी येतात आणि तुम्ही परवा ऑफिसात दिसता.

## टप्पा ५: अर्ज लिहा

क्रम असा ठेवा: विषयात तारखा, पहिल्या परिच्छेदात नक्की रजा आणि परत यायचा दिवस, दुसऱ्यात पुढची भेट आणि ती हलू शकते का, तिसऱ्यात कामाची सोय, शेवटी प्रमाणपत्र. मॅनेजर पहिल्या चार ओळी वाचून मंजुरी देतो, म्हणून तारखा वर.

> विषय: दि. १३ व १४ जुलै रोजी आजारपणाची रजा आणि दि. २७ जुलै रोजी अर्ध्या दिवसाची रजा मिळण्याबाबत
>
> माननीय मॅडम,
>
> डॉक्टरांनी माझ्या पायावरील त्वचेची बायोप्सी करण्यास सांगितले असून ती सोमवार, १३ जुलै रोजी सकाळी ठरली आहे. त्याच दिवशी घरी सोडणार आहेत. पायाला टाका असल्याने दुसऱ्या दिवशी विश्रांती घेण्याचा सल्ला आहे. तरी १३ व १४ जुलै असे दोन दिवस आजारपणाची रजा मंजूर करावी. बुधवार, १५ जुलैला मी नेहमीच्या वेळी कामावर हजर होईन.
>
> टाका काढण्यासाठी व तपासणीचा अहवाल दाखवण्यासाठी सोमवार, २७ जुलैला सकाळी पुन्हा जावे लागेल. त्या दिवशी पहिल्या सत्राची अर्धी रजा मिळावी. दुपारी दोनपर्यंत मी कार्यालयात पोहोचेन. अहवाल वेळेत आला नाही, तर तो दाखवण्याची तारीख दोन-तीन दिवस पुढे जाऊ शकते. तसे असल्यास शुक्रवार, २४ जुलैपर्यंत कळवीन.
>
> जीएसटीआर-१ चे काम शुक्रवार, १० जुलैपर्यंत पूर्ण करते. ३बीच्या जुळवणीचा तक्ता त्याच दिवशी सामायिक फोल्डरमध्ये ठेवीन. दोन दिवसांतील बिलांच्या नोंदी श्री. ______ पाहतील, त्यांच्याशी बोलणे झाले आहे. तातडीचे काही असल्यास १४ तारखेला दुपारनंतर मी फोनवर उपलब्ध असेन.
>
> डॉक्टरांचे प्रमाणपत्र १५ जुलैला जमा करीन.
>
> आपली विश्वासू,
> ______
> लेखा विभाग, कर्मचारी क्रमांक ______

ऑफिसचा पत्रव्यवहार इंग्रजीत होत असेल तर हाच क्रम इंग्रजीत लिहा.

यात चट्टा कधीपासून आहे, आधी कोणती मलमं लावून झाली, घरचे किती काळजीत आहेत, यातलं काही नाही. मॅनेजरला ते कळवायचंच असेल तर चहाच्या वेळी बोला. अर्जाच्या फाइलमध्ये ते कायमचं राहतं. खर्चाचा विषयही यात घालू नका. चोवीस तास भरती न होता झालेल्या बायोप्सीचा खर्च कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बसेलच असं नाही. त्याची चौकशी वेगळ्या मेलनं करा, नाहीतर त्या उत्तराची वाट पाहत रजेची मंजुरी अडकते.

'त्यांच्याशी बोलणे झाले आहे' हे वाक्य खरंच बोलणं झाल्यावरच लिहा. सहकाऱ्याला स्वतःचं नाव मॅनेजरच्या मेलमधून कळलं, तर तो काम करेल, पण पुढच्या वेळी करणार नाही.

पाठवण्याआधी तपासा: तारीख आणि वार जुळतात का? परत यायचा दिवस लिहिला आहे का? रजेचा प्रकार विषयातच आहे का? सोबत चुकून मागणीपत्र तर जोडलं नाही ना?

## टप्पा ६: पाठवा, आणि नोंद झाली का ते बघा

बायोप्सीची वेळ पक्की झाली की लगेच, शक्यतो आठवडाभर आधी. आधी मॅनेजरला दोन वाक्यांत तोंडी सांगा, मग मेल करा आणि मनुष्यबळ विभागाला प्रत द्या. मेलला 'ओके' आलं म्हणजे रजा लागली असं नाही. जिथं रजेचं पोर्टल आहे तिथं दोन वेगळ्या नोंदी करा, १३-१४ ची एक आणि २७ च्या अर्ध्या दिवसाची दुसरी. २७ ची नोंद 'नंतर करू' म्हणून राहिली, की महिनाअखेर बिनपगारी होते.

## टप्पा ७: ठरलेलं बिघडलं तर

बायोप्सीनंतर पट्टीला थोडं रक्त लागणं नेहमीचं आहे. ते थांबत नसेल तर जागा स्वच्छ कापडानं सलग दहा-पंधरा मिनिटं घट्ट दाबून धरा, मध्येच उचलून बघू नका. तरी थांबलं नाही तर दवाखान्यात फोन करा. दोन-तीन दिवसांनी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, भोवती लाली पसरली, पू आला किंवा ताप आला, तर जखम चिघळली असण्याची शक्यता आहे. अशा वेळी ऑफिस बाजूला ठेवून डॉक्टर गाठा आणि मॅनेजरला एवढंच कळवा:

> मॅडम, बायोप्सीच्या जागी संसर्गाची शंका आल्याने आज डॉक्टरांकडे जात आहे. आजची आजारपणाची रजा धरावी. उद्या येणे जमेल का ते संध्याकाळी सहापर्यंत कळवते.

रिपोर्ट लांबला तरी टाके ठरल्या दिवशीच काढा. रिपोर्टची वाट पाहत टाका तसाच ठेवला तर तो त्वचेत रुततो आणि वण वाढतो. मग रिपोर्टची भेट वेगळी होईल. ती संध्याकाळची मागा, किंवा डॉक्टरांना विचारा की रिपोर्ट आधी मोबाइलवर पाठवून चालेल का. रिपोर्ट साधा असेल तर काही जण औषध फोनवर सांगतात आणि फेरी वाचते.

रिपोर्टमध्ये पुढच्या उपचाराचं काही निघालं, तर त्याच दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवरून मॅनेजरला लांबलचक मेसेज करू नका. त्या दिवशी अर्धी रजा संपवून कामावर जायचं की नाही एवढंच ठरवा, नसेल जमत तर ती पूर्ण दिवसाची करून घ्या. पुढच्या रजेचा अर्ज वेगळा. त्यासाठी डॉक्टरांना पुन्हा तेच चार प्रश्न विचारावे लागतील, आणि उत्तरं पहिल्यासारखी नसतील.